मथळा सगळ्यांनीच वाचलाय, तुमची ओळ कुठे आहे?

११ जुलै २०२५ च्या रात्री पॅरिसहून बातमी आली. मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले होते. बघता बघता ती बातमी प्रत्येक मराठी ग्रुपवर पोचली. शाळेतल्या वर्गमित्रांचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की मावश्या-आत्यांचा, सगळीकडे तीच लिंक आणि लिंकच्या वर तीच ओळ: ‘शिवरायांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत’. पुढे भगवे झेंडे आणि जोडलेले हात. पाठवणाऱ्यांचा आनंद खरा होता, त्याबद्दल शंकाच नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती काय पडत होतं ते पाहा. वर हाताने लिहिलेला मथळा, त्याखाली रायगडाचा फोटो, फोटोखाली पुन्हा तोच मथळा आणि काही वृत्तपत्रांच्या बाबतीत तर फोटोवरही मोठ्या अक्षरांत तोच. एका पडद्यावर एकच वाक्य तीन वेळा.

असं होतं याचं एक कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेतलं की अर्धं काम होतं. आपण लिंक चिकटवली की फोटो आणि मथळ्याची एक चौकट आपोआप तयार होते. वृत्तपत्राच्या पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, ‘या बातमीचं कार्ड बनवताना हा मथळा, हा फोटो, हे वर्णन घ्या’ अशा सूचना लिहिलेल्या असतात. मथळ्याच्या सूचनेचं नाव `og:title`. फेसबुकने २०१० साली ही पद्धत आणली आणि पुढे व्हॉट्सअॅपपासून लिंक्डइनपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. म्हणजे मथळा पोचवण्याची जबाबदारी आपल्यावर नाहीच. तो पोचणारच आहे. आपल्याला मिळालेली जागा त्याच्या वरची आहे. मथळ्यात जे मावलं नाही ते सांगण्यासाठी ती वापरता येते.

याला एक अपवाद होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सने लिंकच्या कार्डवरून मथळे काढून टाकले आणि नुसता फोटो ठेवला. मथळे पुढे छोट्या रूपात परत आले, पण मधल्या काळात पाठवणाऱ्याने एक शब्दही लिहिला नाही तर बातमी कशाची आहे हेच कळत नसे. म्हणून पाठवण्याआधी कार्ड तयार होऊ द्यावं आणि त्यावर काय दिसतंय ते पाहावं. नेट मंद असेल तर दोन क्षण थांबावं लागतं. कार्ड आलंच नाही, तर मात्र बातमी कशाबद्दल आहे हे स्वतःच्या ओळीत सांगणं भाग आहे.

मथळ्यात काय मावत नाही? माझी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर गेली, त्यामुळे याचं उत्तर मी आतून देऊ शकतो. छापील पानावर मथळा बातमीदार लिहीत नाही, उपसंपादक लिहितो, आणि तोही पानाची वेळ डोक्यावर असताना, ठरलेल्या रकान्यांत बसवून. तीन कॉलमच्या मथळ्यात सहा-सात शब्द मावतात. त्यात घटना बसते, पण घटनेच्या अटी बसत नाहीत. कोणाला लागू, कुठे लागू, कधीपासून आणि कशाला लागू नाही, हे सगळं खालच्या मजकुरात जातं. वेबसाइटवर जागेची तेवढी अडचण नसते, पण तिथे लोकांनी लिंक उघडावी म्हणून मथळा लिहिला जातो आणि अटी सांगितल्या तर लोक उघडत नाहीत असा समज असतो. दोन्हीकडे परिणाम एकच होतो. बातमीचा सर्वांत उपयोगी भाग पाचव्या किंवा सातव्या परिच्छेदात पडून राहतो.

आणि तिथपर्यंत फार थोडे जण जातात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी फेसबुकवरच्या २०१७ ते २०२० या काळातल्या सुमारे साडेतीन कोटी सार्वजनिक पोस्ट तपासल्या. २०२४ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, पुढे पाठवलेल्या लिंकपैकी जवळपास ७५ टक्के लिंक न उघडताच पाठवल्या गेल्या होत्या. पाठवणाऱ्याचीच ही स्थिती, मग ज्याला ती मिळाली तो उघडेल याची काय खात्री? तुमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांसाठी ती बातमी म्हणजे मथळा आणि तुमची ओळ, एवढंच असणार आहे.

किल्ल्यांच्या बातमीवर त्या रात्री काय लिहिता आलं असतं, ते पाहू. बाराही किल्ल्यांची नावं बहुतेक बातम्यांत होती: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. ही यादी डोंगर भटकणाऱ्या माणसाने वाचली तर त्याच्या पटकन लक्षात येईल, की यात सिंहगड नाही आणि तोरणाही नाही. पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर त्याने एवढं जरी लिहिलं, ‘यादी नीट पाहा, सिंहगड आणि तोरणा यात नाहीत’, तर निम्मे लोक बातमी उघडून यादी तपासतील. शनिवार-रविवारी ज्या गडावर ते जातात तो यादीत असणारच असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

चेन्नईत नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळंच दिसेल. बारावा किल्ला, जिंजी, तमिळनाडूत आहे. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी तिथूनच वर्षानुवर्षं मोगलांशी झुंज दिली. त्याची ओळ अशी होईल: ‘बारापैकी एक आमच्याकडे आहे. तिंडिवनमहून तिरुवण्णामलैच्या रस्त्याला लागलं की जिंजी वाटेतच येतं. इकडे येणार असाल तर चुकवू नका.’ पुण्यात बसलेला माणूस हे लिहू शकणार नाही.

मला त्या बातमीवरची सर्वांत मोलाची वाटणारी ओळ आणखी रुक्ष आहे. बारा किल्ल्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली येतात, बाकीचे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या. गडसंवर्धनात काम करणाऱ्या माणसाने लिहावं, ‘राजगडावर पडझड दिसली तर पत्र राज्याच्या खात्याला, रायगडावर दिसली तर केंद्राच्या. चुकीच्या दारात गेलेलं पत्र फिरत राहतं.’ यात अभिमानाचा एकही शब्द नाही, पण गडावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची गोष्ट आहे.

या तिन्ही ओळींमध्ये ‘मला फार आनंद झाला’ असं कोणीच म्हणत नाही, तरी तिन्ही वैयक्तिक आहेत. लिहिणारा कुठे उभा आहे आणि तिथून त्याला बातमीचा कोणता भाग दिसतो, यातून ते वैयक्तिकपण आलेलं आहे. स्वतःचं मत म्हणजे स्वतःची भावना असा समज आपल्याकडे पक्का आहे, म्हणून लोक ‘अभिमानास्पद’, ‘धक्कादायक’, ‘अखेर न्याय मिळाला’ अशा शब्दांवर थांबतात. हे शब्द दहा हजार माणसं लिहितात आणि कोणी लिहिले ते झाकलं तर ओळखू येत नाही. स्वतःची ओळ तपासायची ही सोपी रीत आहे. तिच्याखाली दुसऱ्या कोणाचंही नाव चालत असेल, तर ती अजून तुमची झालेली नाही.

आता एक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवून पाहू. यासाठी पैशांची बातमी घेतो, कारण तिथे नेमकेपणाची परीक्षा होते. ६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी करून ५.५० टक्के केला. वर्षातली ही तिसरी कपात होती. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव टक्का आणि आता अर्धा. मथळे साधारण असे होते: ‘रेपो दरात अर्धा टक्का कपात, गृहकर्ज स्वस्त होणार’. समजा, बँकेच्या कर्ज विभागात काम करणाऱ्या एका बाईंना ही बातमी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवायची आहे. सोसायटीत बहुतेकांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे आणि त्यांचे प्रश्न बाई रोज काउंटरवर ऐकतात.

पहिला खर्डा मथळ्याचाच असतो: ‘रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला, कर्ज स्वस्त.’ तो खोडायचा, कारण कार्डवर तेच आहे. दुसरा खर्डा भावनेचा: ‘मध्यमवर्गाला मोठा दिलासा!’ तोही खोडायचा, कारण बातमीच्या पहिल्या वाक्यात हेच असण्याची दाट शक्यता आहे. तिसऱ्या खर्ड्यात बाई आपल्या कामाकडे वळतात आणि लिहितात, ‘हे सगळ्यांना लागू नाही.’ आता कुठे काहीतरी नवं आलं. पण वाक्य अर्धवट आहे. वाचणारा विचारेल, मग कोणाला लागू आहे? ज्या ओळीमुळे ग्रुपवर वीस प्रश्न येणार, ती अजून पुरी झालेली नाही.

मग बाई बातमीत खाली जातात आणि स्वतःला माहीत असलेल्या नियमाशी ती ताडून पाहतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आणि असा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलला गेला पाहिजे असंही ठरवलं. त्याआधीची कर्जं जुन्या पद्धतीवर असतील, तर त्यांच्यापर्यंत कपात हळूहळू झिरपते. ठरीव म्हणजे फिक्स्ड दराच्या कर्जाला तिचा स्पर्शही होत नाही. नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना ही जोडणी बंधनकारक नाही, आणि महाराष्ट्रात हे विसरून चालणार नाही, कारण इथे कित्येकांचं घर सहकारी बँकेच्या कर्जावर उभं आहे.

इतकं सगळं ओळीत घातलं तर ती ओळ राहणार नाही, परिपत्रक होईल. म्हणून बाईंना निवड करावी लागते, आणि माझ्या मते खरं कसब इथे लागतं. सोसायटी २०२१ मध्ये बांधून झाली, बहुतेकांची कर्जं त्यानंतरची आणि मोठ्या बँकांची आहेत. म्हणजे जुन्या कर्जांचा मुद्दा या ग्रुपसाठी सोडता येतो. मग या लोकांना मथळ्यातून कळणार नाही आणि कळलं तर त्यांचं भलं होईल, अशी गोष्ट कोणती? काउंटरवर बाईंना रोज ऐकू येतं, ‘दर कमी झाला म्हणता, मग माझा हप्ता का कमी झाला नाही?’ त्याचं उत्तर असं, की दर उतरला की बँका सहसा हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत कमी करतात. कपात मिळालेली असते, फक्त ती हप्त्यात दिसत नाही.

एक हिशेब करून पाहू. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, व्याज ९ टक्के. हप्ता येतो सुमारे २६,९९२ रुपये. व्याज साडेआठ टक्के झालं आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे २६,०३५, म्हणजे महिन्याला साडेनऊशेच्या आसपास वाचले आणि वीस वर्षांत साधारण २ लाख ३० हजार. पण हप्ता २६,९९२ च राहू दिला, तर कर्ज २४० ऐवजी सुमारे २२० महिन्यांत फिटतं आणि वाचतात साडेपाच लाखांच्या वर. घरखर्चाची ओढाताण असेल तर पहिला मार्ग बरा, नसेल तर दुसरा. बँक बहुधा दुसरा मार्ग परस्पर निवडते, हे ग्राहकाला माहीत असायला हवं.

आता ओळ लिहिता येते: ‘दर कमी झाला तरी तुमचा हप्ता बहुधा तेवढाच राहील, कारण बँका हप्ता न बदलता मुदत कमी करतात. ३० लाखांच्या नव्या २० वर्षांच्या कर्जात त्यामुळे साधारण वीस हप्ते वाचतात. हप्ताच कमी हवा असेल तर शाखेत विचारा. बदल दिसायला तीन महिने लागू शकतात.’ चार छोटी वाक्यं. मथळ्यातला एकही शब्द उगाच परत आलेला नाही. मथळा ‘स्वस्त होणार’ म्हणतो, ही ओळ स्वस्ताई कुठे शोधायची ते दाखवते. पहिलं वाक्य मुद्दाम पहिलं आहे. फोनवर सूचना येते तेव्हा सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, आणि फेसबुक किंवा लिंक्डइनवर दोन-तीन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. ‘नमस्कार मंडळी, आज एक महत्त्वाची बातमी शेअर करत आहे’ यातच ती जागा गेली, तर हप्त्याचा मुद्दा घडीत लपून बसतो.

‘बहुधा’, ‘साधारण’ आणि ‘लागू शकतात’ हे शब्द काढू नयेत. ओळ चटकदार व्हावी म्हणून लोक ते पहिल्यांदा काढतात आणि मग ‘तुम्ही तर म्हणालात तीन महिन्यांत होईल’ अशी तक्रार येते. जे बातमीत आहे, जे आपल्या अनुभवाचं आहे आणि जे आपलं अनुमान आहे, ते वाचणाऱ्याला वेगवेगळं ओळखू आलं पाहिजे. ‘बातमीत म्हटलंय’, ‘आमच्या शाखेत असं दिसतं’, ‘मला वाटतं’ एवढे दोन-दोन शब्द पुरतात. ते नसले तर तुमचं अनुमान वृत्तपत्राच्या नावावर फिरू लागतं, कारण खाली लिंक त्यांची असते आणि ओळीतलं विधान आत सापडेल असं लोक धरून चालतात. व्हॉट्सअॅपवर तर तुमची ओळ आणि लिंक एकाच संदेशात पुढे पुढे जातात आणि दोन ग्रुप ओलांडल्यावर ती कोणी लिहिली हेही उरत नाही. त्यामुळे ‘आमच्या सोसायटीसाठी’ सोडून दिलेला मुद्दा पुढच्या ग्रुपमध्ये नेमका लागू असू शकतो. यावर पुरता इलाज नाही. ‘२०१९ नंतरच्या बँकेच्या कर्जासाठी’ असे चार शब्द वाढवले तर नुकसान कमी होतं.

स्वतःच्या ज्ञानाइतकीच स्वतःची जागाही उपयोगी पडते. २६ मे २०२५ ला मान्सून मुंबईत पोचला, नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. मराठवाडा-विदर्भातल्या ग्रुपवरही ‘मान्सून दाखल’चे मथळे धडाधड पडले. कृषी खात्याचा सल्ला दरवर्षीचाच असतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये. बियाण्याच्या दुकानदाराने त्या दिवशी मथळ्याच्या वर लिहायला हवं होतं, ‘हा पाऊस मुंबईचा आहे. आपल्या शिवारात ओल किती खोल गेली ते खणून पाहा, मगच पिशवी फोडा.’ त्यानंतर मान्सूनची चाल दोन आठवड्यांहून जास्त अडली आणि विदर्भाला वाट पाहावी लागली. बातमी खोटी नव्हती. ती दुसऱ्या ठिकाणची होती, आणि मथळ्याला ठिकाणाचं भान नसतं.

कार्डवर आणखी एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे तारीख. पाच वर्षांपूर्वीची धरण भरल्याची, शाळा बंद असल्याची किंवा नोटा बदलल्याची बातमी आजच्यासारखीच ताजी दिसते, कारण मथळा आणि फोटो शिळे होत नाहीत. लिंक उघडून मथळ्याखालची तारीख पाहायला दहा सेकंद लागतात. जुनी बातमी मुद्दाम पाठवायची असेल, तर ओळीची सुरुवातच सालाने करावी: ‘ही २०१९ ची बातमी आहे, पण पुराच्या रेषेबद्दल तेव्हा जे म्हटलं होतं ते आज पुन्हा वाचण्यासारखं आहे.’ इथे साल हीच तुमची भर.

काही बातम्यांवर मात्र जवळच्या माणसाने ओळ लिहू नये. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत वृत्तपत्र पीडितेचं नाव देत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. गावातला माणूस सहज लिहून जातो, ‘ही आमच्या शाळेमागच्या वस्तीतली’, आणि त्या एका वाक्याने वृत्तपत्राने झाकलेली ओळख उघडी पडते. नाव न लिहिताही हे होतं. वस्ती, बापाचा धंदा, इयत्ता यांतलं काहीही पुरतं. इतरत्र स्थानिक माहिती हे आपलं बळ असतं, इथे तीच घात करते. अपघात किंवा आत्महत्येच्या बातमीतही घरच्यांच्या आधी आपण कारण सांगू नये. तिथे ओळ लिहायचीच असेल तर उपयोगाची लिहावी. रस्ता कुठे बंद आहे, रक्त कोणत्या गटाचं हवं आहे, एवढीच, आणि तीही खात्री करून.

सगळ्या बातम्यांवर आपल्याकडे सांगण्यासारखं काही असतं असंही नाही. तेव्हा प्रश्न विचारता येतो, पण तो खरा हवा. ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न कोणालाच उद्देशून नसतो. ‘सहकारी बँकेतलं कर्ज असलेल्यांपैकी कोणाचा दर फेब्रुवारीनंतर उतरला आहे का?’ हा प्रश्न नेमक्या माणसांकडे जातो आणि जी उत्तरं येतात ती कोणत्याच वृत्तपत्रात छापून आलेली नसतात. कधी बातमी एकाच माणसाच्या कामाची असते. मग ती ग्रुपवर न टाकता त्यालाच पाठवावी, ‘अण्णा, तुमचं कर्ज २०१७ चं ना? चौथा परिच्छेद वाचा आणि बँकेत नव्या पद्धतीवर जाण्याबद्दल विचारा,’ असं लिहून. असा संदेश मिळालेला माणूस लिंक उघडतोच.

ओळ पाठवल्यानंतरचं कामही थोडं असतं. समजा, बाईंच्या संदेशाखाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, ‘माझं कर्ज सहकारी बँकेचं आहे, मला हे लागू का?’ व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, तेव्हा लगेच लक्षात आलं तर मूळ ओळीतच ‘व्यापारी बँकांची कर्जं’ असं घालता येतं. फेसबुकवर नंतरही बदलता येतं. पंधरा मिनिटं उलटून गेली असतील, तर नवा सुटा संदेश टाकण्यापेक्षा स्वतःच्याच जुन्या संदेशाला उत्तर म्हणून दुरुस्ती लिहावी, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतात: ‘काकांच्या प्रश्नावरून सांगते, वरचं सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना तसंच्या तसं लागू नाही. त्यांचा दर त्यांच्या नियमाने बदलतो. आपल्या मंजुरीपत्रात व्याजाचा दर कशाशी जोडला आहे ते पाहा. सापडत नसेल तर शनिवारी संध्याकाळी पत्र घेऊन खाली या, मी बघून देते.’